शिरोरेघ आधी

काकांनी पहिल्याच दिवशी बँकेतून परत आलेला फॉर्म टेबलावर ठेवला. सहीच्या चौकोनात निळ्या शाईचा गुंता होता आणि कागद एका ठिकाणी फाटला होता. "सही जुळत नाही म्हणाले," काकूंनी सांगितलं. काका मान खाली घालून बसले होते. वय 61, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नोकरीत असताना दर फेरीला वेबिलावर सही करायचे. आता झटका येऊन सहा आठवडे झाले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, त्यामुळे उजवं अंग गेलं. पाय बऱ्यापैकी परतला होता, हात मागे राहिला होता.

सातारा जिल्ह्यातल्या एका व्यवसायोपचार तज्ज्ञांनी ही हकिगत सांगितली. पेशंट त्यांना मॅडम म्हणतात, आणि बहुतेकांना त्या फिजिओच वाटतात. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः शरीराची हालचाल आणि ताकद परत आणण्यावर काम करतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ विचारतो की या हाताला रोज काय करायचंय: घास घ्यायचाय, बटण लावायचंय, की सही करायचीय? मग त्याच कामातून उपचार बांधतो. या विद्येचं भारतातलं पहिलं विद्यालय 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या बाईंचं नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, हे खटकतं.

मॅडमनी पेन दिलंच नाही. आधी त्यांनी लाकडी अक्षरं टेबलावर पसरली आणि काकांना डाव्या हाताने स्वतःचं नाव लावायला सांगितलं. काकांनी 'ग' उचलला, बाकीची अक्षरं शोधली, शेवटी 'त' ठेवला. मग डाव्या हातात खडू दिला. अक्षरं वेडीवाकडी आली, पण नाव बरोबर उमटलं.

या दोन मिनिटांत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सुटला. झटक्यानंतर लिहिणं दोन वेगळ्या ठिकाणी अडू शकतं. काहींच्या मेंदूतला भाषेचा भाग दुखावतो. त्यांना कुठलं अक्षर कुठे येतं तेच सुचत नाही, मग हात कुठलाही असो. त्यांच्यासाठी वाचा-भाषा तज्ज्ञाची मदत लागते. काहींचं नाव मनात शाबूत असतं, हातच ते कागदावर उतरवत नाही. काका दुसऱ्या गटातले होते. फक्त सही बघून मात्र हा फरक ठरवता येत नाही. सही इतकी मुरलेली असते की 'पाणी' लिहू न शकणारा माणूसही कधी कधी अख्खी सही करून दाखवतो. म्हणून मॅडमनी काकांना काकूंचं आणि गावाचं नावही लिहायला लावलं.

मग उजवा हात तपासला. मॅडमनी कागदाला भोक पाडायचं पंच हातात दिलं. जुन्या सवयीने काकांचा चेहरा उजळला, त्यांनी ते दाबलं, भोक पडलं. पण बोटं पंचाभोवती तशीच राहिली, उघडेनात. झटक्यानंतरच्या हाताची ही नेहमीची अडचण. पकड लवकर येते, सोडणं उशिरा येतं. घरी काका रोज रबरी चेंडू शंभर वेळा दाबत होते. कुणीतरी प्रेमानेच सुचवलं होतं. ज्या हाताची मूठ आधीच आवळते आहे, तिला आणखी आवळायचाच सराव मिळत होता. चेंडू त्या दिवशी बंद झाला.

पहिले तीन आठवडे लिहिणं नव्हतंच. टेबलावर टॉवेल, त्यावर दोन्ही तळवे, आणि टॉवेल पुढे ढकलायचा. प्लॅस्टिकचा पेला उचलून ठेवायचा, आणि 'ठेवायचा' यावरच भर. बोटं उघडली की मोजायचं, मिटली की मोजायचं नाही.

लिहिण्याची सुरुवात भिंतीवर झाली. खांदा आणि कोपर साधारणपणे आधी सुधारतात, बोटं सगळ्यांत शेवटी. म्हणून भिंतीला मोठा कागद लावून हातभर उभ्या रेघा. मग टेबलावर पाटी-पेन्सिल. पाटीवर पेन्सिल खरखरते, त्यामुळे ती कुठे आहे हे हाताला कळत राहतं. गुळगुळीत कागदावर बॉलपेन निसटतं. त्यानंतर स्पंजच्या नळीत खोचलेली जाड पेन्सिल आली, कारण बारीक पेन धरायला बोटं जास्त आवळावी लागतात.

इथे मॅडमना एक गोष्ट दिसली. 'ग'चा आकडा आणि 'त'चं वळण बोटांनी काढावं लागतं. शिरोरेघ मात्र बोटांची नसतेच, ती ओढताना अख्खा हात डावीकडून उजवीकडे सरकतो. काकांचा हात सरकत होता, वळत नव्हता. शाळेत आपण अक्षरं आधी काढतो आणि रेघ नंतर देतो. मॅडमनी क्रम उलटा केला. आधी शिरोरेघ, मग तिला उभे दंड टांगायचे, आणि आकडे-वळणं सगळ्यांत शेवटी. काकांची रेघ पहिल्याच दिवशी जवळजवळ सरळ आली. त्यानंतर दंडही सरळ होऊ लागले, कारण ते कुठून सुरू करायचे हे आता ठरलेलं होतं.

बसण्याकडे त्यांचं तितकंच लक्ष होतं. पाय जमिनीला टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला, डावा हात कागद दाबून धरलेला. उजवा खांदा कानाकडे चढला, श्वास रोखला गेला किंवा डाव्या हाताचीही मूठ वळली, की थांबायचं. कागदही बोलतो. मॅडम तो उलटा करून मागून बोट फिरवायच्या. उठाव जितका खोल, तितका हात ताठ. घरून एकदा काका चाळीस वेळा लिहिलेलं नाव घेऊन आले. पहिली दहा-बारा ठीक होती, पुढची एकात एक शिरली होती, आणि शेवटच्या ओळी मागून काट्यासारख्या लागत होत्या. काकूंना वाटलं जास्त लिहिलं की लवकर जमेल. ठरलं असं, की एका बैठकीला आठ वेळा, मधे विश्रांती, दिवसातून चार बैठका.

अकराव्या आठवड्यात काकांनी साध्या बॉलपेनने, कोऱ्या कागदावर, चार अक्षरी नाव लिहिलं. पाऊण मिनिट लागलं. 'त' थोडा खाली घसरला होता. काकूंनी कागद उचलला, उलटा केला आणि मॅडमसारखंच मागून बोट फिरवलं. उठाव जवळजवळ नव्हता.

ही जुनी सही नव्हती. जुनी सही म्हणजे एका झटक्यात ओढलेला फराटा, तो पुन्हा आला नाही, आणि येईल असं मॅडमनी कधी सांगितलंही नव्हतं. शर्टाचं गळ्याचं बटण आजही काकूच लावतात.

बँकेत मग जुन्या सहीशी जुळवायचा नाद सोडून काकांनी नवी नमुना सही नोंदवली. घरात कुणाचा हात असा गेला असेल तर एवढं लक्षात ठेवा. सही बदलली तर बँकेत नवा नमुना देता येतो. सही करणं शक्यच नसेल तर अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार त्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत जाऊन तसं स्पष्ट मागा.