एका मिलिमीटरमधले दोन दात

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचा सर्वांत लहान चौकोन एक मिलिमीटरचा, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा. कधीकधी हृदयाच्या लाटांऐवजी सगळी रेघच बारीक करवतीसारखी दिसते. अशा वेळी अनुभवी तंत्रज्ञ एकच गोष्ट मोजतो : एका लहान चौकोनात दात किती? बरोबर दोन भरले, तर ती घरातल्या विजेची गुणगुण आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि ४० मिलिसेकंदांत असे दोन हेलकावे बसतात. रुग्णाचे शरीर भिंतीतल्या तारांची ही गुणगुण अँटेनासारखी पकडते.

उपाय साधा वाटतो. संख्यांच्या रूपात आलेला सिग्नल एका गाळणीतून, म्हणजे लो-पास फिल्टरमधून, काढायचा. कमी वारंवारिता जाऊ द्यायच्या, जास्त अडवायच्या. पण कुठपर्यंत जाऊ द्यायच्या, कुठून अडवायच्या आणि किती, हे आकड्यांत ठरवल्याशिवाय गाळणी बनत नाही.

एक खरोखरीचे मागणीपत्रक घेऊ. उपकरण सेकंदाला ५०० नमुने घेते. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर ठोक्यांची लय दिसण्यासाठी साधारण ४० हर्ट्झपर्यंतचा भाग पुरतो. म्हणून ४० हर्ट्झपर्यंतचा पट्टा जसाच्या तसा जावा; हा पासबँड. ५० हर्ट्झपासून पुढचे सगळे दबले जावे, हा स्टॉपबँड. मधले दहा हर्ट्झ उताराचे. तिथे गाळणी काय करते, याबद्दल मागणी काहीच म्हणत नाही.

आता ‘किती दाबायचे’ हा प्रश्न. कागदावर एक मिलिव्होल्ट दहा मिलिमीटर उंच दिसतो. गुणगुण अगदी एक मिलिव्होल्ट, म्हणजे हृदयाच्या उंच आर-शिखराएवढी असली, तरी ती पेनाच्या रेघेच्या जाडीत लपायला हवी. ५० डेसिबल दाबले म्हणजे ती ३१६ पट लहान होते आणि कागदावर फक्त ०.०३ मिलिमीटर उरते. एवढे पुरेसे आहे. पासबँडमध्ये एक टक्का चूक चालेल असे धरू, कारण त्याने आर-शिखर फार तर ०.१ मिलिमीटरने हलेल.

एक अट अजून बाकी आहे. क्यू, आर आणि एस या टोकदार लाटांचा आकार अनेक वारंवारिता एकाच क्षणी जुळून आल्यामुळे घडतो. गाळणीने एखादीला जास्त आणि दुसरीला कमी उशीर लावला, तर सगळ्या लाटा पोहोचतात खऱ्या, पण आकार बिघडतो. म्हणून सर्वांना सारखाच उशीर हवा. अभियंते याला लिनिअर फेज म्हणतात. एफआयआर प्रकारच्या गाळणीत तो हमखास मिळवता येतो. या गाळणीचे काम म्हणजे शेवटच्या काही नमुन्यांना ठरावीक सहगुणकांनी गुणून बेरीज करणे. सहगुणकांची यादी मधल्या आकड्याभोवती आरशासारखी सममित ठेवली, की उशीर सर्वांना सारखा होतो.

मग सहगुणक कुठून आणायचे? ४५ हर्ट्झवर कड्यासारखी तुटणारी आदर्श गाळणी कल्पनेत घेतली, तर तिचे सहगुणक गणितातून थेट मिळतात. मध्ये एक उंच शिखर, दोन्हीकडे वर-खाली होत विरत जाणाऱ्या लहरी. अडचण एवढीच की त्या कधीच संपत नाहीत, आणि उपकरणाला अनंत बेरीज करता येत नाही. साहजिक पहिला विचार असा येतो, की पुरेसे सहगुणक ठेवू आणि बाकीचे कापून टाकू.

इथेच फसगत होते. टोके एकदम कापली, की कड्याच्या दोन्ही बाजूंना लहरी उठतात आणि कड्याजवळ जवळपास नऊ टक्के चूक राहते. सहगुणक शंभराऐवजी हजार घेतले, तरी ही नऊ टक्के कमी होत नाही. चूक फक्त कड्याजवळ आणखी दाटून बसते. हेन्री विल्ब्रॅहमने १८४८ मध्येच हे दाखवले होते. पण नाव राहिले ते १८९९ मध्ये ‘नेचर’मधून खुलासा करणाऱ्या जोसाया विलार्ड गिब्ज यांचे. आपल्या कागदावर नऊ टक्के म्हणजे एक मिलिव्होल्टच्या गुणगुणीतले सुमारे ०.९ मिलिमीटर. करवत लहान होते, पण दिसतेच.

यावरचा तोडगा म्हणजे टोके कापण्याऐवजी ती हळूहळू उतरवत नेणे. सहगुणकांवर एक वजनांची ‘खिडकी’ ठेवायची, जी मध्यावर १ असते आणि कडांकडे लहान होत जाते. अशा अनेक खिडक्या तयार आहेत, आणि प्रत्येकीची दाबण्याची ताकद तिच्या आकाराने आधीच ठरलेली आहे. ऑस्ट्रियाचे हवामानशास्त्रज्ञ युलिउस फॉन हान यांच्या नावाची हान खिडकी सुमारे ४४ डेसिबल दाबते, म्हणून ती आपल्याला अपुरी. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांची खिडकी ५३ डेसिबल देते. ब्लॅकमन ७४ देते, पण तेवढाच उतार राखायचा तर गाळणी बरीच लांब करावी लागते. आपल्या ५० डेसिबलला हॅमिंग नेमकी पुरते.

खिडकीचा एक स्वभाव मात्र लक्षात घ्यावा लागतो. ती दोन्ही पट्ट्यांत सारखीच चूक करते. पासबँडला एक टक्का चालणार होता, पण स्टॉपबँडला ०.३२ टक्के हवे, म्हणून कडक अटच दोघांना लागू होते. पासबँडमधली काटेकोरता गरजेपेक्षा जास्त मिळते आणि तिची किंमत लांबीच्या रूपाने मोजावी लागते.

लांबी उतारावरून ठरते. दहा हर्ट्झचा उतार भागिले ५०० नमुने म्हणजे ०.०२. हॅमिंगसाठी अनुभवसिद्ध आकडा ३.३, तो ०.०२ ने भागला की १६५ सहगुणक. संख्या विषम आहे हे बरेच झाले, कारण मधला सहगुणक नेमक्या एका नमुन्यावर येतो आणि उशीर पूर्ण ८२ नमुन्यांचा होतो. एक नमुना दोन मिलिसेकंदांचा, म्हणजे एकूण १६४ मिलिसेकंद. सम संख्या घेतली असती, तर आर-शिखर दोन नमुन्यांच्या मध्ये अडकले असते.

मध्यापासूनचे अंतर `k` धरले, तर पूर्ण सूत्र एवढेच :

```
h[k] = sin(0.18·π·k)/(π·k) × (0.54 + 0.46·cos(2·π·k/164))
k = -82 ... 82,  h[0] = 0.18
```

०.१८ हा आकडा ४५ ला ५०० ने भागून दुप्पट केल्यावर येतो. मध्यावर ०.१८, शेजारी ०.१७०५, मग ०.१४३८, सहाव्या जागी सहगुणक ऋण होतो, उणे ०.०१३०, आणि अगदी टोकाला ०.०००२ एवढाच उरतो. उजवी आणि डावी बाजू सारखी असल्यामुळे वेगळे सहगुणक फक्त ८३.

पायथॉनमध्ये हेच काम एका ओळीचे आहे :

```python
from scipy.signal import firwin, freqz
h = firwin(165, 45, window="hamming", fs=500)
w, H = freqz(h, worN=[40, 45, 50], fs=500)
print(abs(H))
```

उत्तरात ४० वर एकाच्या अगदी जवळ, ४५ वर निम्मे आणि ५० वर सुमारे ०.००२ दिसायला हवे. मधल्या निम्म्याकडे नीट पाहावे, कारण नवख्याची सर्वांत सामान्य चूक त्यातच आहे. पासबँड ४० पर्यंत हवा म्हणून तो सूत्रात ४० च घालतो, आणि ज्या ४० हर्ट्झला सांभाळायचे होते त्याचीच उंची अर्ध्यावर येते. कटऑफ उताराच्या मधोमध, म्हणजे ४५ वर ठेवायचा असतो.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे, कारण ती दिसायला सुंदर असते. काही साधने वारंवारिता नमुनावेगाच्या निम्म्याच्या पटीत मागतात; तिथे ४५ म्हणजे ०.१८. कोणी चुकून ०.०९ दिले, तर कटऑफ २२.५ हर्ट्झवर येतो. करवत पूर्ण जाते, रेघ रेशमासारखी होते, आणि आर-शिखर गुपचूप बुटके होते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. गाळणीतून आधी ४० हर्ट्झची आणि मग ५० हर्ट्झची शुद्ध लाट सोडून दोन्हीची उंची मोजावी. सहगुणकांची बेरीज एक येते का, हेही पाहावे.

खरी वीज मात्र नेमक्या ५० हर्ट्झवर बसून राहत नाही. भारतातल्या ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरवलेला आहे. आपला स्टॉपबँड तर ५० लाच सुरू होतो, आणि तिथे उतार इतका तीव्र आहे की ४९.९ वर गुणगुण सुमारे दीडपट जास्त उरते. म्हणजे ५० डेसिबलचे वचन जेमतेम हुकते. दुरुस्ती मागणीपत्रकातच करायला हवी. स्टॉपबँड ४९ पासून धरला, तर उतार नऊ हर्ट्झचा होतो आणि हिशेबाने १८३.३ सहगुणक लागतात. म्हणजे १८५ घ्यायचे, कटऑफ ४४.५ वर न्यायचा आणि १८४ मिलिसेकंदांचा उशीर स्वीकारायचा.

लांबी वाचवायची असेल, तर बेल लॅब्जच्याच जेम्स कायझर यांची खिडकी आहे. तिच्यात `β` नावाची एक चावी असते, आणि ती फिरवून हवे तेवढेच डेसिबल मागता येतात. मूळ मागणीसाठी, म्हणजे ४० ते ५० चा उतार आणि ५० डेसिबल, `β` सुमारे ४.५३ येतो आणि १४९ सहगुणकांत काम भागते. हॅमिंगचे तीन डेसिबल आपण फुकट घेत होतो, त्यांची ही किंमत.

गाळणी बरोबर बनली, तरी ती काय हिरावते हे डॉक्टरांना माहीत हवे. ४० हर्ट्झच्या वर हृदयाचे काहीच नसते असे नाही. क्यूआरएसमधले बारीक खाचे आणि पेसमेकरचे टोकदार ठोके तिथेच असतात. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००७ च्या शिफारशीत प्रौढांच्या निदानाच्या ईसीजीसाठी १५० हर्ट्झपर्यंतचा पट्टा मागितला आहे. त्या कागदावर ५० ची गुणगुण लो-पासने काढता येत नाही. तिला वेगळा, फक्त ५० भोवतीचा अरुंद अडसर लागतो. शिवाय सममित सहगुणकांमुळे तीव्र क्यूआरएसच्या दोन्ही बाजूंना, आधीसुद्धा, बारीक लहरी उमटतात. उतार जितका अरुंद, तितक्या त्या लांबतात.

आणि १६४ मिलिसेकंद. मॉनिटरवर पाहणाऱ्याला ते जाणवतही नाहीत. पण अनियमित धडधड मोडण्यासाठी हृदयाच्या ठोक्याशी जुळवून विजेचा झटका दिला जातो, तेव्हा तो आर-शिखरानंतर ६० मिलिसेकंदांच्या आत बसावा अशी अपेक्षा असते. या गाळणीतून शिखर बाहेर पडेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून त्या वाटेवर ही गाळणी बसवत नाहीत. पडद्यावरची रेघ एका वाटेने येते, आणि झटक्याचा क्षण ठरवणारे शिखर दुसऱ्या, कमी उशिराच्या वाटेने.