खेळ हाती येण्याआधी दिलेले पैसे

किकस्टार्टरवर नव्या खेळासाठी पैसे देणे ही दुकानातली खरेदी नव्हे. खेळ अजून तयार व्हायचा असतो. २०१२ साली अमेरिकेत ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या पटावरच्या खेळासाठी १,२४६ लोकांनी सुमारे १,२२,००० डॉलर दिले. वर्षभर ‘काम चालू आहे’ एवढेच ऐकू आले, आणि जुलै २०१३ मध्ये खेळ रद्द झाला. पैसा घरभाड्यासारख्या खर्चात गेला, असा सरकारी व्यापार आयोगाचा आरोप होता. २०१५ साली १,११,००० डॉलरच्या वर रकमेचा हुकूम झाला. पण ऐपत नाही म्हणून वसुली स्थगित राहिली. परतावा मागायचा तो खेळ करणाऱ्याकडे. किकस्टार्टर स्वतः देत नाही. तेव्हा आधीच पाहा: नमुना खेळून दाखवला आहे काय? छपाईचा खर्च मांडला आहे काय? आणि उशिराचे नेमके कारण सांगतात, की नुसता धीर देतात?