सातवे पाऊल : विवाह नेमका कोणत्या क्षणी पूर्ण होतो?

महाराष्ट्रातील कोणत्याही लग्नमंडपात ‘लग्न लागले’ असे उद्गार कधी निघतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वधूवर एकमेकांस हार घालतात आणि वाजंत्री वाजू लागते. त्याच क्षणी मंडळी उठून भोजनाच्या पंक्तीकडे वळतात. मंडपात उरतात ते पुरोहित, दोन्हीकडील आईवडील आणि दोन-चार वडीलधारी माणसे. पुढील तासाभरात जे घडते, ते पाहण्यास बहुधा कोणी थांबत नाही.

परंतु शास्त्र, परंपरा आणि आजचा कायदा या तिन्ही दृष्टींनी विवाह पूर्ण होतो तो या मागाहूनच्या तासातच. मंगलाष्टके हे मंगल चिंतन आहे आणि अंतरपाट दूर होणे हे परस्परदर्शन आहे. या दोहोंत कोणी कोणास काही वचन दिलेले नसते. व्यवहारातील दाखला द्यावयाचा तर साखरपुडा म्हणजे इसार, मंगलाष्टके म्हणजे चारचौघांसमक्ष केलेली घोषणा, आणि खरेदीखतावरील सही व्हावयाची असते ती सप्तपदीच्या वेळी.

दिगंबर परंपरेतील विवाहविधीत विवाहाची पाच अंगे सांगितली जातात : वाग्दान, प्रदान, वरण, पाणिग्रहण आणि सप्तपदी. वाग्दान म्हणजे शब्द देणे, प्रदान म्हणजे कन्या देणे, वरण म्हणजे एकमेकांस स्वीकारणे, पाणिग्रहण म्हणजे हात हाती घेणे. पहिल्या दोन अंगांत कर्तेपण मुख्यतः वडीलधाऱ्यांचे आहे. पुढे ते हळूहळू वधूवरांकडे येते, आणि सप्तपदीत तर दोघांना स्वतःच्या पायांनी चालावे लागते. त्यांच्यावतीने दुसरा कोणी चालू शकत नाही. हा क्रम सहज पडलेला नाही. कुटुंबांनी ठरविलेली गोष्ट दोन व्यक्तींनी आपली करून घेणे, हाच त्याचा हेतू आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘फेरे’ आणि ‘सप्तपदी’ हे शब्द आपण एकाच अर्थी वापरतो, पण मुळात त्या दोन क्रिया आहेत. वैदिक गृह्यसूत्रांच्या विधीत अग्नीभोवतीची प्रदक्षिणा वेगळी आणि त्यानंतरची सात पावले वेगळी. ही पावले महाराष्ट्रात तांदळाच्या सात लहान राशींवरून टाकली जातात. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वृद्धीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी, आणि सातवे सख्यत्वासाठी. सहा पावलांत संसारास लागणारे सारे काही मागून झाल्यावर शेवटी मागावयाची राहते ती मैत्री, हे विशेष होय.

जैन विधीत या दोन क्रिया एकत्र आल्या आहेत. आपली सप्तपदी ही सात फेऱ्यांचीच असते आणि त्या फेऱ्यांचा अर्थ सर्वस्वी निराळा आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात सात परमस्थाने वर्णिली आहेत : सज्जाती, सद्गृहस्थत्व, पारिव्राज्य, सुरेंद्रत्व, साम्राज्य, आर्हन्त्य आणि निर्वाण. दिगंबर विवाहविधीत प्रत्येक फेऱ्यास यांपैकी एका परमस्थानाचे नाव घेऊन अर्घ्य दिले जाते. चांगल्या कुळातील जन्म हे पहिले स्थान. सदाचारी गृहस्थाचे जीवन हे दुसरे, आणि ज्याच्यासाठी मंडप घातला ते हेच. परंतु विधी तेथे थांबत नाही. तिसऱ्या फेऱ्यास नाव येते ते पारिव्राज्याचे, म्हणजे गृहत्यागाचे. घर मांडण्याच्या दिवशीच, घर मांडणाऱ्यांच्या तोंडून, ते घर कधीतरी सोडावयाचे आहे याचा उच्चार होतो. सातवा फेरा निर्वाणाचा असतो.

ज्या अग्नीभोवती हे फेरे होतात, त्याचाही अर्थ याच्याशी जुळणारा आहे. अग्नी हा स्वतः देव नाही आणि स्वभावतः पवित्रही नाही. अर्हंतांच्या पूजेशी संबंध आल्यामुळे तो पावन ठरतो, अशी आदिपुराणाची स्पष्ट भूमिका आहे. तेथे सांगितलेले तीन अग्नी अनुक्रमे तीर्थंकर, गणधर आणि सामान्य केवली यांच्या निर्वाणप्रसंगीच्या अग्नींचे स्मरण देतात. म्हणजे विवाहवेदीवरील ज्योत ही मुक्त झालेल्यांची आठवण आहे. तिला साक्षी ठेवून जो संसार सुरू होतो, तो अमर्याद भोगाचा परवाना होऊ शकत नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील चौथे व्रत स्वदारसंतोषाचे आहे. विवाह हे त्या व्रताचे दृश्य रूप होय. इच्छेला एक मर्यादा घालून ती चारचौघांत जाहीर करणे, हा जैन विवाहाचा गाभा आहे.

म्हणूनच विधीत वचनांची जागा कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे. दिगंबर पद्धतीत सहा फेऱ्यांपर्यंत वधू पुढे असते. सहा फेरे झाल्यावर विधी थांबतो आणि दोघे एकमेकांस सात-सात वचने सांगतात. पुस्तकागणिक शब्द बदलतात, परंतु आशय सारखा असतो : परस्त्रीस माता-भगिनी मानीन, जुगारादी व्यसनांपासून दूर राहीन, न्यायाने मिळविलेल्या धनाने घर चालवीन, तुझ्या धर्माचरणात आड येणार नाही, आणि वधूकडून वडीलधाऱ्यांचा मान, घरातील गोष्टी घरात राखणे, सुखदुःखात साथ देणे. ही वचने मान्य झाल्यावरच सातवा फेरा होतो. त्या वेळी वर पुढे होतो. फेरा संपल्यावर आतापर्यंत उजवीकडे बसलेली वधू वराच्या डाव्या बाजूस येऊन बसते. विवाह पूर्ण झाला हे ओळखण्याची दृश्य खूण म्हणजे हे स्थानांतर. सहाव्या फेऱ्यापर्यंत मागे फिरण्यास वाट आहे, सातव्यानंतर नाही. वचने नेमकी या दोहोंच्या मध्ये ठेवण्यात विधी रचणाऱ्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते.

गुजरातकडील श्वेतांबर घरांत चार फेऱ्यांची रूढी आहे. म्हणून तो विवाह अपुरा ठरत नाही. संख्या परंपरेची असते. आवश्यक असतो तो जाहीर स्वीकार, साक्षीदार आणि पूर्णतेचा एक निश्चित क्षण. इतर धर्मांकडे दृष्टी टाकली असता हीच तीन अंगे तेथेही आढळतात. शीख बांधवांच्या आनंद कारजात अग्नी नसतो. चार लावां म्हटल्या जात असता वधूवर गुरू ग्रंथसाहिबाभोवती चार प्रदक्षिणा घालतात. इस्लाममधील निकाह हा करार आहे. एकाच बैठकीत, साक्षीदारांसमक्ष, प्रस्ताव आणि स्वीकार उच्चारला जातो व वधूचा मेहर ठरतो. कॅथॉलिक पंथात पूर्वी दोघांनी खाजगीत शब्द दिला तरी विवाह होत असे. पुढे त्यांपैकी एकाने तो नाकारला की दुसऱ्याजवळ पुरावा उरत नसे. म्हणून १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. साक्ष कशासाठी, याचे उत्तर या एका उदाहरणात मिळते. ज्याच्याजवळ बळ कमी आहे, त्याच्यासाठी ती असते.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा जैनांनाही लागू आहे. त्याचे सातवे कलम सांगते की विवाह वधू किंवा वर यांपैकी कोणाही एकाच्या रूढ विधींनुसार करता येतो, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल टाकताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. महाराष्ट्रातील एका खटल्यात पहिली पत्नी हयात असता पतीने दुसरा घरोबा केला. त्या वेळी कलशपूजा झाली, हार घातले गेले, कपाळास कपाळ लावले गेले. परंतु होम झाला नाही, सप्तपदी झाली नाही, आणि त्या समाजात एवढ्यावर विवाह होतो अशी रूढीही सिद्ध झाली नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की विधिपूर्वक न झालेला हा विवाह कायद्याने विवाहच नव्हे, म्हणून द्विभार्येचा गुन्हाही सिद्ध होत नाही. पती सुटला. विधी न झाल्याचा लाभ ज्याने तो केला नाही त्यालाच मिळाला. पहिल्या पत्नीची फिर्याद निष्फळ ठरली आणि दुसरीला पत्नीपण लाभले नाही.

याची दुसरी बाजू २०२४ सालच्या निकालात दिसते. दोन वैमानिकांनी विधी न करता एका संस्थेचे प्रमाणपत्र घेतले आणि त्याआधारे विवाहनोंदणी केली. समारंभ पुढे व्हावयाचा होता. तत्पूर्वीच मतभेद झाले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. विधीच झाला नसेल तर नोंदणीने विवाह निर्माण होत नाही. आजकाल परदेशी प्रवासाच्या परवान्यासाठी आधी नोंदणी उरकून मग सवडीने लग्न करण्याचा प्रघात आपल्या घरांतही दिसतो. नोंदणीपूर्वी विधी करावयाचा नसेल तर १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाची वेगळी वाट आहे. तेथे अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमोरील घोषणेनेच विवाह होतो. मात्र त्यासाठी तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. या दोन वाटांची सरमिसळ मात्र करू नये.

सभागृहाची वेळ ठरलेली, छायाचित्रकारांची घाई आणि भोजनाची तयारी यांत कात्री लागते ती बहुधा वचनांनाच. फेरे भराभर होतात आणि वचने पुरोहित एका श्वासात वाचून दाखवितो. वस्तुतः परस्पर कापता येण्याजोगे पुष्कळ असते : प्रवेशाचा सोहळा, हार घालतानाची ओढाताण, मध्येच थांबवून घेतलेली छायाचित्रे. सात फेऱ्यांची नावे आणि चौदा वचने मराठीत, सावकाश, वधूवरांच्याच मुखातून म्हणविली तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी पंडितजींकडून वचनांचा मजकूर मागून घ्यावा आणि तो वधूवरांना वाचावयास द्यावा. एखादे वचन मान्य नसेल तर त्याची चर्चा घरी व्हावी, वेदीवर नव्हे.

आणि निमंत्रितांनीही एवढे करावे. अक्षता टाकून झाल्यावर पंक्तीकडे न वळता वधू डावीकडे येऊन बसेपर्यंत मंडपात थांबावे. आपल्याला बोलावलेले असते ते साक्षीसाठी, आणि जे पाहिले नाही त्याची साक्ष कोणालाही देता येत नाही.