फरार चाच्याचं राज्य

काळी पट्टी, खांद्यावर पोपट, पुरलेला खजिना. आपल्या डोक्यातला हा चाचा बराचसा १८८३च्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतून आणि तिच्यावरच्या चित्रपटांतून आला. पण चाच्याला नायक करण्याचा उद्योग त्याआधी पावणेदोनशे वर्षं सुरू झाला होता, आणि त्याला कच्चा माल मिळाला तो आपल्याच अरबी समुद्रात.

सप्टेंबर १६९५. औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे अवाढव्य जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं ते गाठलं. जहाजावरची एक तोफ स्वतःच फुटली, चाच्यांच्या गोळ्यानं मुख्य डोलकाठी मोडली आणि प्रतिकार ढेपाळला. सुरतेच्या बाजूनं या घटनेची हकीकत लिहिणारा खाफीखान लुटीचा आकडा ५२ लाख रुपये देतो. चाच्यांनी आठवडाभर जहाज लुटलं, स्त्रियांवर अत्याचार केले. काहींनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या घेतल्या, असंही तो नोंदवतो.

लंडनपर्यंत यातलं किती पोचलं? एव्हरी कधी सापडलाच नाही, आणि फरार माणसाबद्दल काहीही रचता येतं. १७०९मध्ये त्याचं ‘चरित्र’ निघालं. त्यात तो मोगल राजकन्येशी लग्न करून मादागास्करात राज्य करतो. १७१२मध्ये लंडनच्या रंगभूमीवर मादागास्करचा चाचा-राजा नाटकाचा नायक म्हणून उभा राहिला. ज्या जहाजावरच्या बायकांनी पाण्यात उड्या घेतल्या, त्याच जहाजातून ही प्रेमकथा निघाली!

ती इंग्रजांना पटली, त्यामागे एक खरं दुःख होतं. एव्हरीचे खलाशी मुळात स्पेनच्या बंदरात कित्येक महिने बिनपगारी अडकून पडले होते. १६९४मध्ये त्यांनी बंड करून जहाज पळवलं. चाच्यांच्या जहाजावर कप्तान खलाशांच्या पसंतीनं ठरायचा आणि लूट वाटून घेतली जायची. एव्हरीला दोन वाटे, बाकीच्यांना साधारण एकेक. मालकांनी पिळलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. पण ही समता जहाजाच्या कठड्यापाशी संपायची.

(याच इंग्रजांनी पुढे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना मात्र बेधडक चाचा ठरवलं.)

ऑक्टोबर १६९६मध्ये एव्हरीचे सहा साथीदार लंडनच्या कोर्टात उभे राहिले. पहिला आरोप ‘गंज-इ-सवाई’ लुटल्याचा. ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं. औरंगजेबानं इंग्रजांच्या सुरतेतल्या वखारीची माणसं कैदेत टाकली होती, त्यामुळे कंपनी आणि सरकार हबकलं. काही दिवसांतच नवा आरोप आला, इंग्रजी जहाज पळवल्याचा, आणि या वेळी शिक्षा झाली. पाच जण फासावर गेले. त्यांच्यातल्या जॉन स्पार्क्सनं मरण्यापूर्वी सांगितलं, की जहाज चोरण्यापेक्षा त्या परक्या लोकांवर केलेल्या क्रौर्यासाठीच आपल्याला हे मरण योग्य आहे. हा कबुलीजबाब तेव्हा छापलाही गेला. त्यावर नाटक मात्र कुणी लिहिलं नाही.