छत्तीसला विभाजक नऊ, अठ्ठेचाळीसला दहा

४८ चे सगळे विभाजक, म्हणजे ४८ ला नि:शेष भाग देणाऱ्या संख्या, लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लिहून पाहा: १, २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ४८. आता ओळीच्या दोन्ही टोकांवर एकेक बोट ठेवा आणि दोन्ही बोटं एकेक घर आत सरकवत आणा. आधी १ आणि ४८, मग २ आणि २४, ३ आणि १६, ४ आणि १२, शेवटी ६ आणि ८. दर वेळी बोटांखालच्या दोन संख्यांचा गुणाकार ४८ च भरतो. दहा विभाजक, पाच जोड्या, शिल्लक कुणी नाही.

हेच ३६ च्या बाबतीत करू. ओळ अशी: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. बोटं आत सरकतात, १ ला ३६ भेटतो, २ ला १८, ३ ला १२, ४ ला ९. पुढच्या पावलाला मात्र दोन्ही बोटं एकाच आकड्यावर येऊन भिडतात. सहा सक छत्तीस. सहाचा जोडीदार सहाच आहे आणि ओळीत तो एकदाच लिहिलेला आहे. चार जोड्यांचे आठ आणि हा एकटा, मिळून नऊ.

यात ३६ ची काही खास मेहेरबानी नाही. कुठलीही संख्या घ्या. तिला एखाद्या विभाजकाने भागलं की जो भागाकार येतो, तोही तिचा विभाजकच असतो. ४८ ला ३ ने भागून १६ आले, म्हणून १६ नेही ४८ ला भाग जातो आणि तो भाग दिला की परत ३ च हाती येतो. जोडीदाराचा जोडीदार म्हणजे आपण स्वतः. त्यामुळे कुणाचा जोडीदार दुसराच कुणी पळवू शकत नाही, आणि सगळे विभाजक दोघादोघांत वाटले जातात. अपवाद एकच: जो विभाजक स्वतःशीच गुणला जाऊन ती संख्या देतो, तो. असा विभाजक असणं म्हणजेच ती संख्या पूर्ण वर्ग असणं. आणि तो एकापेक्षा जास्त असू शकत नाही, कारण ६ पेक्षा लहान संख्येचा वर्ग ३६ पेक्षा लहान, मोठीचा मोठा. म्हणून पूर्ण वर्गाला विभाजक नेहमी विषम, बाकी सगळ्यांना नेहमी सम. अर्थात इथे धन पूर्णांकच मोजायचे. उणे सहालाही विभाजक मानलं, तर प्रत्येकाची गणती दुप्पट होते आणि हा फरकच पुसला जातो.

या गोष्टीचा वहीत लगेच उपयोग होतो. समजा ७२ चे विभाजक काढले आणि यादी झाली १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, ३६, ७२. मोजले तर अकरा. ७२ पूर्ण वर्ग नाही, ८ चा वर्ग ६४ आणि ९ चा ८१. म्हणजे यादीत चूक आहे, हे पुन्हा भागाकार न करताच कळलं. बोटं सरकवली की चूक सापडतेही: ३ समोर १८ येतो, गुणाकार ५४, इथे गाडी रुळावरून उतरली. ३ चा जोडीदार २४, तो राहून गेला होता. मात्र मोजणी सम आली म्हणून यादी बरोबर असं समजू नये. ३ आणि २४ दोन्ही सुटले असते, तर दहाच उरले असते आणि नुसत्या मोजणीने काहीच संशय आला नसता. म्हणून १ पासून ८ पर्यंतच्या संख्या क्रमाने तपासाव्यात आणि जी सापडेल तिच्यासमोर तिचा जोडीदार तिथल्या तिथे लिहावा. ८ च्या पुढे शोधायची गरजच नाही, कारण पुढचे सगळे या लहानांचे जोडीदार म्हणून आपोआप येतात.

याच निष्कर्षाला जाणारी दुसरी वाट आहे आणि मला ती जास्त आवडते, कारण ती विभाजक न लिहिताच त्यांची संख्या सांगते. ७२ चे मूळ अवयव पाडले तर २×२×२×३×३. ७२ चा कुठलाही विभाजक याच सामानातून बनतो. त्यात २ किती घ्यायचे? एकही नाही, एक, दोन किंवा तीन, म्हणजे चार पर्याय. ३ किती? एकही नाही, एक किंवा दोन, म्हणजे तीन पर्याय. चार त्रिक बारा, तेवढेच विभाजक. प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आला, त्यात एक मिळवायचा आणि आलेल्या आकड्यांचा गुणाकार करायचा. हा गुणाकार विषम कधी येईल? त्यातला प्रत्येक आकडा विषम असेल तरच, म्हणजे प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला असेल तरच. आणि सगळे अवयव सम वेळा असले की त्यांची निम्मी निम्मी वाटणी होते. १४४ मध्ये २ चार वेळा आणि ३ दोन वेळा. विभाजक पाच त्रिक पंधरा, आणि निम्मं सामान २×२×३, म्हणजे १२, हेच १४४ चं वर्गमूळ.

विभाजकांच्या या मोजणीवर श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजला असताना मोठा निबंध लिहिला. तो १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यांचा विषय होता विक्रमी संख्या: ज्यांना आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक आहेत, अशा. सुरुवातीची यादी अशी: १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०. २४ ला विभाजक आठ, ३६ ला नऊ, ४८ ला दहा, ६० ला बारा.

या यादीत पूर्ण वर्ग तीन दिसतात, १, ४ आणि ३६. यादी कितीही लांबवली तरी चौथा येत नाही. रामानुजन यांनी दाखवलं की ४ आणि ३६ सोडले, तर विक्रमी संख्येतला सगळ्यात मोठा मूळ अवयव एकदाच आलेला असतो. पूर्ण वर्गात तर प्रत्येक अवयव निदान दोनदा हवा.

असं का होतं, ते १४४ मध्ये डोळ्यांनी पाहता येतं. त्यातला एक २ आणि एक ३ काढून टाका आणि त्या जागी एक ५ घाला. ६ ने भागून ५ ने गुणलं, म्हणजे संख्या लहानच झाली: १२०. विभाजक मात्र चार गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा. लहान असूनही १२० ने १४४ ला मागे टाकलं. ३६०० घ्या, म्हणजे ६० चा वर्ग. त्याला पंचेचाळीस विभाजक आहेत. त्यातला एक २ आणि एक ५ काढून ७ घातला की २५२० मिळतात, आणि त्यांना अठ्ठेचाळीस.

३६ वर हीच युक्ती चालवून पाहिली तर ३० येतात. ३० चे विभाजक आठ, ३६ चे नऊ. इथे ती हरते.