टाकीत उतरण्याआधीचे प्रश्न

शिकाऊ सुरक्षा अधिकाऱ्याच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: धोका आणि जोखीम यांत फरक काय? पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा इथे उदाहरण बरे. सांडपाण्याच्या टाकीतल्या गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हा धोका. टाकीत उतरलेल्या कामगाराला इजा होण्याची शक्यता आणि त्या इजेची तीव्रता मिळून होते ती जोखीम.

मग ती कमी कशी कराल?

‘मास्क देऊ’ हे उत्तर अपुरे. माणूस न उतरवता यंत्राने गाळ काढता येईल का, हे आधी पाहायचे. नाहीच जमले तर पंख्याने हवा खेळती ठेवायची, लेखी परवाना घ्यायचा, बाहेर एक माणूस नेमायचा. श्वसनसाधने या क्रमात शेवटी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळापर्यंतची हवा मीटरने तपासायची. प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर साध्या मास्कवर प्रवेश नाही. वासावर विसंबायचे नाही, कारण वायूचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते.

आत कोणी कोसळला तर? ‘लगेच उतरेन’ म्हणणारा उमेदवार इथे फसतो; अशा अपघातांत वाचवायला धावलेलेच अनेकदा दगावतात. आधी मदत बोलवायची आणि कामगाराला कमरपट्ट्याच्या दोरीने बाहेरूनच ओढायचे. आत जायचे ते हवेचे सिलिंडर लावलेल्या प्रशिक्षित पथकानेच.