तिघांनी लिहावं, एकाचं वाटावं

समजा, मेतकूट आणि गोडा मसाला विकणारा तिघांचा एक छोटा व्यवसाय आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शन एक जण लिहिते, ग्राहकांच्या ई-मेलना दुसरा उत्तर देतो, पाकिटावरचा मजकूर तिसरी बघते. मग कॅप्शनमध्ये येतं, ‘चल, गरम भातावर मेतकूट घे!’ ई-मेलमध्ये येतं, ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ आणि पाकिटावर, ‘सदर उत्पादन कोरड्या जागी ठेवावे.’ एकाही वाक्यात चूक नाही, पण तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतली वाटतात.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण एका कागदावर ‘आपली भाषा आपुलकीची, साधी’ असं लिहून ठेवतात. त्याने काहीच बदलत नाही, कारण वरची तिन्ही वाक्यं लिहिणाऱ्याला आपापलं वाक्य साधंच वाटत असतं. कागदावर तपासता येतील असे निर्णय हवेत.

मराठीत पहिला निर्णय संबोधनाचा: तू, तुम्ही की आपण? ‘तुम्ही’ ठरलं की क्रियापदंही ठरतात. ‘घे’ आणि ‘ठेवावे’ दोन्ही जाऊन ‘घ्या’ आणि ‘ठेवा’ येतं. दुसरा निर्णय ‘केलं’ लिहायचं की ‘केले’. तिसरा आकड्यांचा: ‘२०० ग्रॅम’ की ‘200 ग्रॅम’. प्रत्येक निर्णयाखाली ‘असं नको, असं हवं’ अशी वाक्यांची जोडी द्यावी. घाईत असलेला माणूस नियम वाचत नाही, नमुना बघून लिहितो.

आवाज एकच असला तरी प्रसंगानुसार सूर बदलतो, म्हणून तक्रारीच्या उत्तराचा नमुना वेगळा लागतो. पाकीट फुटून पोचलं, तर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढ्यावर न थांबता लिहावं: ‘पाकीट फुटून आलं, माफ करा. नवं पाकीट उद्या पाठवतो. जुनं परत पाठवू नका.’ इथे ‘तुम्ही’ची क्रियापदं कायम आहेत, कॅप्शनमधला उत्साह मात्र नाही.

पाकिटावर कायद्याचीही मर्यादा असते. खाद्यपदार्थाच्या लेबलवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. मराठी तिच्या जोडीला चालते. ‘एफएसएसएआय’च्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांनुसार ग्राहकाचा गैरसमज होईल अशा रीतीने ‘होममेड’सारखा शब्द वापरता येत नाही, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ यांनाही अटी आहेत. कॅप्शन ही जाहिरातच असते, त्यामुळे हे शब्द तिथेही जपून वापरावे लागतात. अशा शब्दांची यादी त्याच कागदावर असावी.

हे सगळं दोन पानांत मावायला हवं. शंका आली तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही त्यावर लिहावं. महिन्यातून एकदा एक कॅप्शन, एक ई-मेल आणि एका पाकिटावरचा मजकूर शेजारी ठेवून मोठ्याने वाचावा. एकच दुरुस्ती दुसऱ्यांदा करावी लागली, तर तिची जोडी कागदावर वाढवावी. ज्या नियमाची कोणाला कधी गरजच पडली नाही, तो खोडून टाकावा.